परदेशी खेळण्यांच्या खोक्यावरचा वयाचा इशारा मराठीत नेमका कसा लिहायचा?

सुमेधा_खेळघर

नमस्कार मंडळी. नाशिकला आम्ही खेळण्यांचं वाचनालय चालवतो. पालक आठवड्यासाठी खेळणं घरी नेतात आणि परत आणून देतात. निम्म्याहून जास्त खेळणी परदेशी बनावटीची आहेत आणि खोक्यावर मराठीचा एक शब्द नसतो. म्हणून प्रत्येक खेळण्यासोबत मराठी पट्टी चिकटवायचं ठरवलंय.

सुरुवात एका नट-बोल्टच्या संचापासून केली आहे. आत प्लास्टिकची गाडी, सुटी चाकं, स्क्रू, नट, पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर आहे. खोक्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात "एज ४+" आहे. मागे त्रिकोणात उद्गारचिन्ह आणि त्यापुढे "वॉर्निंग: चोकिंग हॅझर्ड – स्मॉल पार्ट्स. नॉट फॉर चिल्ड्रन अंडर ३ इयर्स". त्याच्या शेजारी लाल वर्तुळात रडवेला चेहरा, ०-३ असा आकडा आणि वर तिरकी रेघ.

एका कार्यकर्तीने केलेलं भाषांतर असं: "चेतावणी: गुदमरण्याचा धोका – सुटे भाग. ३ वर्षांखालील मुलांसाठी योग्य नाही." हे वाचूनही पालक विचारतात, "मग अडीच वर्षाच्याला नेऊ ना?" कुठे चुकतंय? आणि ४ खरं की ३?

---

रानवारा

माझ्या मते यात एवढं घाबरण्यासारखं काही नाही. वयाचा आकडा म्हणजे त्या वयाच्या मुलाला खेळ जमेल, एवढाच अर्थ. माझी भाची दोन वर्षांची असल्यापासून मोठ्या मुलांची कोडी सोडवते. पोरगी हुशार असेल तर ३+ चं खेळणं दोन वर्षांच्या मुलीला द्यायला काहीच हरकत नाही. कंपन्या आपली कातडी वाचवायला लिहितात.

---

मापटं

रानवारा, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि धोका उरलेल्या अर्ध्यात आहे.

खोक्यावर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. पुढचा "४+" हा बहुतेक वेळा जमण्या-न जमण्याचा आकडा: पाना फिरवायला मनगटात किती ताकद लागते, चित्र बघून जोडणी कळते का, वगैरे. इथे हुशार मुलीला वर्षभर आधी दिलं तर फार तर ती कंटाळेल. मागचा "३ वर्षांखाली नको" हा मात्र घशाचा आकडा आहे. त्याचा हुशारीशी काडीचा संबंध नाही. दोन वर्षांचं अतिशय चलाख मूलसुद्धा वस्तू ओळखण्यासाठी तोंडात घालतं.

सुमेधाताई, म्हणून ४ आणि ३ दोन्ही खरे आहेत. पट्टीवर त्यांची दोन वेगळी वाक्यं करा. एका वाक्यात कोंबलंत तर पालक सोयीचा आकडा उचलतो.

एक सावधगिरी: मोठा आकडा नेहमी जमण्याचाच असतो असं मात्र नाही. जोरदार लोहचुंबकाचे संच किंवा रसायनांचे प्रयोगसंच यांच्यावरचा ८, १० किंवा १४ हा सुरक्षेचाच आकडा असतो. शेजारी त्रिकोण आणि "वॉर्निंग" असेल तर तो आकडा सुरक्षेचा समजा.

---

शब्दफोड

भाषांतराकडे वळतो. त्या एका ओळीत तीन ठिकाणी गोची झाली आहे.

पहिली, "सुटे भाग". मराठीत सुटे भाग म्हणजे स्कूटरचे मिळतात ते. पालक वाचतो आणि त्याला वाटतं, वा, जादा तुकडे दिलेत. इथे "बारीक तुकडे" म्हणा.

दुसरी, "गुदमरणे". धुराने गुदमरतात, बंद खोलीत गुदमरतात, गर्दीत गुदमरतात. वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर घशात अडकलेला नट येतच नाही. शिवाय त्याच खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीवर "सफोकेशन"चा इशारा असतो, म्हणजे पिशवी तोंडाला चिकटून श्वास कोंडतो तो. लांब दोरीच्या ओढगाडीवर "स्ट्रँग्युलेशन" असतं, म्हणजे गळ्याला फास बसणं. तिन्हींना आपण "गुदमरण्याचा धोका" लिहून मोकळे होतो. पालकाने करायची गोष्ट तिन्हीत वेगळी आहे: तुकडे हाती लागू द्यायचे नाहीत, पिशवी फाडून टाकायची, दोरी पाळण्याजवळ ठेवायची नाही. एकच शब्द वापरला तर यातलं काहीच कळत नाही.

तिसरी, "योग्य नाही". हे वाचून वाटतं, त्याला मजा येणार नाही एवढंच. "देऊ नका" लिहा.

---

रविवार_पेठ

दुकानदाराची बाजू मांडतो. काउंटरवर माणूस दोन सेकंद खोकं बघतो. त्या वर्तुळातल्या ०-३ चा अर्थ निम्मी गिऱ्हाइकं उलटा लावतात. "शून्य ते तीनसाठी आहे ना, द्या." तिरकी रेघ बारीक असते, कधी छपाईत फिकट पडलेली असते. त्यात आयातदाराचा किंमत-पत्त्याचा स्टिकर नेमका त्याच्यावर चिकटवलेला असतो. माल आला की मी आधी स्टिकरखाली काय आहे ते बघतो.

---

मापटं

रविवार_पेठ यांनी कळीचा मुद्दा सांगितला. ते वर्तुळ युरोपातलं आहे. तिथे एकाच खोक्यावर दहा-बारा भाषा छापाव्या लागतात, म्हणून "३६ महिन्यांखालील मुलांसाठी नाही" या शब्दांच्या जागी हे चित्र चालतं. लाल वर्तुळ, लाल तिरकी रेघ, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा चेहरा. व्यास किमान १० मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. सोबत धोका कोणता तेही लिहावं लागतं, पण ते बारीक अक्षरात आणि बऱ्याचदा दुसऱ्या बाजूला असतं.

इंग्रजी ओळ अमेरिकेच्या नियमातली आहे. तिथे तिचे शब्द ठरलेले आहेत, कंपनीला मनाने बदलता येत नाहीत. म्हणून ती सगळ्या खोक्यांवर शब्दशः सारखी दिसते. तुमचं काम सोपं होतं: एकदा चांगलं मराठी वाक्य ठरलं की ते सगळीकडे चालेल.

---

ज्योत्स्ना_सॅनहोजे

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. डिसेंबरमध्ये पुण्याला येणार आहे, नातवासाठी इथून खेळणी घेतली आहेत. तो जानेवारीत तीन पूर्ण होईल. इथल्या खोक्यावर भारताचा आयएसआय शिक्का नाही, तर विमानतळावर अडवतील का?

---

रविवार_पेठ

ज्योत्स्नाकाकू, तो शिक्का विक्रीच्या मालासाठी लागतो. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकायच्या खेळण्यावर, देशी असो वा परदेशी, आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नातवाला आणलेल्या दोन खेळण्यांचा तो विषय नाही. कस्टमच्या बाकी नियमांचं मात्र तिथे विचारून घ्या.

---

मापटं

काकू, शिक्क्यापेक्षा खोक्यावरचं वाचा. डिसेंबर आणि जानेवारीत फरक आहे. अमेरिकेतल्या खोक्याबाबत अजून एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवा. बारीक तुकड्यांचा तो इशारा तिथे ३ ते ६ या वयोगटाच्या खेळण्यांवरच सक्तीचा आहे. ३ च्या आतल्या मुलांसाठीच्या खेळण्यात असे तुकडे चालतच नाहीत, म्हणून तिथे इशाऱ्याचा प्रश्न नाही. आणि खेळणं "६+" किंवा "८+" असेल तर त्यात मूठभर बारीक तुकडे असले तरी तो इशारा छापायची सक्ती नाही.

म्हणजे खोक्यावर त्रिकोण दिसत नाही, तर आत बारीक तुकडे नाहीत, असं समजू नका. ८+ च्या खोक्यावर त्रिकोण नसतो आणि तेच खोकं घरात धाकट्याच्या हाती लागतं.

---

रानवारा

बरं, मान्य. पण खोक्यावर सीई चिन्ह असलं की युरोपियन सरकारने तपासून पास केलेलं असतं. मग आपण एवढं खोलात कशाला जायचं?

---

मापटं

नाही हो. सीई म्हणजे "हे खेळणं युरोपच्या नियमात बसतं" असं उत्पादकाने स्वतः दिलेलं वचन. ठरलेल्या मानकांप्रमाणे बनवलं असेल तर बहुतेक खेळण्यांना बाहेरच्या कुणाकडून मंजुरी घ्यावी लागत नाही. चिन्ह असणं वाईट नाही, पण ते सरकारी शिक्क्यासारखं वाचू नका. भारतात विकताना ते पुरतही नाही. इथे आयएसआय चिन्ह, त्याच्या डोक्यावर मानकाचा क्रमांक आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. साध्या खेळण्याला आयएस ९८७३, बॅटरीच्या किंवा विजेच्या खेळण्याला आयएस १५६४४. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कोणत्या कंपनीचा, कशासाठी आणि चालू आहे का ते दिसतं. खोक्यावर एका कारखान्याचं नाव आणि ॲपमध्ये दुसऱ्याचंच, असं दिसलं तर तो माल घेऊ नये.

---

कान_नाक_घसा

डॉक्टर या नात्याने "तीनच का?" याचं उत्तर देतो, कारण पालकांना कारण कळलं तर ते ऐकतात.

तीन वर्षांपर्यंत मूल जग तोंडाने तपासतं. मागच्या दुधाच्या दाढा साधारण दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान येतात, तोवर नीट चावता येत नाही. श्वासनलिका अरुंद असते आणि खोकल्याचा जोर कमी. त्यामुळे मोठं मूल जे खोकून बाहेर काढतं ते लहानग्याच्या घशात बसून राहतं. तिसऱ्या वाढदिवसाला रातोरात काही बदलत नाही. चौथ्या वर्षीही सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर त्याला हा संच देऊ नका. खोक्यावरचा आकडा किमान आहे.

आणखी एक. नट किंवा चाक घशात पूर्ण बसलं तर मूल रडत नाही, खोकत नाही, आवाजच येत नाही. पालक शेजारच्या खोलीत असेल तर त्याला कळणारही नाही. म्हणून "ठसका लागू शकतो" असलं सौम्य वाक्य पट्टीवर नको. ठसक्यात आवाज असतो.

---

शब्दफोड

डॉक्टरांचा हा मुद्दा वाक्यात घेतला पाहिजे. माझा प्रस्ताव: "घशात अडकून श्वास बंद होऊ शकतो." वाचताक्षणी कळतं.

आता वयाचं बघू. "३ वर्षांखालील" हे कागदावर स्पष्ट आहे, बोलण्यात नाही. आपल्याकडे "तिसरं लागलं" म्हणजे दोन पूर्ण झाली. आजीला विचारलं तर ती दोन वर्षं दोन महिन्यांच्या नातवाला "तीन वर्षांचा" म्हणते, आणि ते तिच्या परीने बरोबर असतं. सुमेधाताईंना अडीच वर्षांच्या मुलाबद्दल जो प्रश्न येतो तो इथूनच येतो. म्हणून "३ वर्षे पूर्ण" हा शब्दप्रयोग हवाच. त्याहून सोपं, "तिसरा वाढदिवस होईपर्यंत देऊ नका". वाढदिवसाबद्दल कुणाचा गोंधळ होत नाही.

---

सेविकाताई

अंगणवाडीतून लिहिते. आमच्याकडे महिन्यात सांगितलेलं आयांना चटकन कळतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो आणि तीन ते सहाची मुलं अंगणवाडीत येऊन गरम जेवतात. त्यामुळे "अंगणवाडीत बसायला लागण्याआधी देऊ नका" असं मी तोंडी सांगते. पट्टीवर ३६ महिने लिहिलं तरी चालेल.

---

रविवार_पेठ

ताई, शहरात ३६ महिन्यांचा हिशेब करत कुणी बसत नाही. वाढदिवसच बरा.

---

सेविकाताई

मग दोन्ही लिहा. गावाकडेही वाढदिवस कळतो, पण वजनाची नोंद महिन्यांनी होते ना.

---

लाल_माती

जरा बाजूला जातोय. आमच्याकडे सावंतवाडीच्या लाकडी भातुकलीवर कुठलाच इशारा नसतो. पळी, झारा, ताटली, सगळं बोटाएवढं. पिढ्यान् पिढ्या मुली खेळल्या. परदेशी खोक्याचीच एवढी चर्चा कशाला?

---

मापटं

लाल_माती, घसा स्वदेशी-परदेशी बघत नाही. भातुकली सुरेखच असते, पण ती खेळायच्या मुली चार-पाच वर्षांच्या असायच्या आणि रांगणारं भावंड आजीच्या मांडीवर. त्यातली पळी तिसऱ्या वाढदिवसाआधी देऊ नये हेच खरं. खात्री घरीच करता येते. सुमेधाताईंनाही हे उपयोगी पडेल, कारण बरीच खेळणी खोक्याशिवाय दान येतात.

प्रयोगशाळेत एक धातूचं नळकांडं वापरतात. आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, म्हणजे एका बाजूला खोली २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. लहान मुलाच्या उघड्या तोंडाचा आणि घशाचा तो ढोबळ आकार आहे. तुकडा कसाही धरून, न दाबता त्यात पूर्ण मावला, तर तो "स्मॉल पार्ट". अमेरिका, युरोप आणि आपलं आयएस ९८७३, तिन्हीकडे हेच माप आहे.

घरी असं करा. लग्नपत्रिकेच्या जाडीचा कागद घ्या. १२ सेंटिमीटर लांब आणि ५.७ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. एका टोकापासून १०.५ सेंटिमीटरवर रेघ मारा, दुसरं टोक त्या रेघेपर्यंत आणून चिकटवा. व्यास ३३ मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे खऱ्या मापापेक्षा किंचित मोठा. मुद्दाम मोठा ठेवायचा, कारण कागदाची जाडी आतली जागा खाते आणि सीमारेषेवरचा तुकडा चुकून पास व्हायला नको. तळ तिरका करायची गरज नाही. सरळ नळीत खऱ्या नळकांड्यापेक्षा जास्तच वस्तू मावतात, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते.

नळी टेबलावर उभी ठेवा आणि तुकडा आत सोडा. काठाच्या वर काही राहिलं नाही तर तो धोक्याचा. आडवा मावला नाही तर उभा, तिरका करून बघा. तुमच्या संचातला नट आणि स्क्रू जातील. चाक जाईल की नाही ते व्यासावर अवलंबून आहे. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, ते सहज जातं.

---

सुमेधा_खेळघर

लगेच करून बघितलं. नट, स्क्रू गेले. चाक ३८ मिलिमीटरचं आहे, ते गेलं नाही. पण चाकाच्या मधली पिवळी टोपी नखाने ओढली तर निघते, आणि ती गेली!

---

मापटं

हेच बघायचं असतं. लहानांच्या खेळण्यावर प्रयोगशाळा आधी पडण्याचा, पिळण्याचा, ओढण्याचा मारा करते आणि मग जे सुटून आलं ते नळकांड्यात टाकून बघते. बाहुलीचे डोळे, गाडीच्या टोप्या, खुळखुळ्याचं झाकण, हीच नेहमीची सुटणारी ठिकाणं. तुमचा संच ४+ चा आहे, त्यामुळे टोपी सुटणं हा दोष धरला जाणार नाही, पण पट्टीवर तुकडे मोजताना तीही धरा. वाचनालयात खेळणं परत आलं की टोप्या मोजून घ्या. एखादी कमी असेल तर ती कुणाच्या तरी घरात जमिनीवर पडलेली आहे. त्या पालकाला फोन करा.

---

रानवारा

म्हणजे नळीत गेलं नाही की निर्धास्त? आमच्याकडे टेबल टेनिसचा चेंडू आहे, तो जात नाही.

---

कान_नाक_घसा

चेंडूचं गणित वेगळं आहे, आणि चांगलं विचारलंत. गोल वस्तू जिभेवरून घरंगळत थेट मागे जाते आणि बुचासारखी सगळीकडून घट्ट बसते. खडबडीत तुकड्याच्या कडेने थोडी हवा तरी जाते, चेंडूच्या कडेने जात नाही. बोट घालून काढायला गेलं तर तो आणखी आत सरकतो.

---

मापटं

म्हणून चेंडूचं माप मोठं ठेवलंय, ४४.४ मिलिमीटर. टेबल टेनिसचा चेंडू ४० चा, म्हणजे नळीत जात नाही पण "स्मॉल बॉल"मध्ये मोडतो. अशा चेंडूवर "धिस टॉय इज अ स्मॉल बॉल" आणि खेळण्यात चेंडू असेल तर "टॉय कंटेन्स अ स्मॉल बॉल" असं छापतात. याचं भाषांतर "हे खेळणं म्हणजे लहान चेंडू आहे" असं केलं तर वाचणारा म्हणेल, ते दिसतंयच की. मराठीत धोका लिहा: "हा चेंडू मुलाच्या घशात बसू शकतो." चेंडूसाठी दुसरी कागदी गोल पट्टी करा, आतला घेर १४ सेंटिमीटर. चेंडू स्वतःच्या वजनाने त्यातून खाली पडला तर तीन वर्षांखालच्या मुलाला नको.

---

रविवार_पेठ

मी तर म्हणतो सरळ सगळ्यावर "५ वर्षांखाली नको" लिहून टाका. सुरक्षित राहू.

---

शब्दफोड

नको. भाषांतर करणाऱ्याने आकडा वाढवायचा नाही आणि कमीही करायचा नाही. साडेतीन वर्षांच्या मुलांच्या आया आपल्या पोराला तो संच खेळताना बघतील, काही होत नाही हे त्यांना दिसेल, आणि पुढच्या वेळी पट्टीच वाचणार नाहीत. आकडा खोक्यावरचाच ठेवा, शब्द आपले घाला.

---

रविवार_पेठ

दुकानात मात्र मी तोंडी पाचच सांगणार. घरात धाकटं आहे का ते गिऱ्हाईक स्वतःहून कधी सांगत नाही.

---

कान_नाक_घसा

मग तेच विचारा, "घरात लहान बाळ आहे का?" आकडा फुगवण्यापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा आहे. मोठ्याच्या खेळण्याने धाकट्याला होणारा धोका कुठल्याच खोक्यावर नीट लिहिलेला नसतो.

---

सुमेधा_खेळघर

सगळ्यांच्या सूचना घेऊन पट्टी अशी केली आहे. बघा.

"सावधान! आत बारीक तुकडे आहेत: नट, स्क्रू, चाकाच्या टोप्या. मुलाने तोंडात घातले तर घशात अडकून श्वास बंद होऊ शकतो. तिसरा वाढदिवस (३६ महिने) होईपर्यंत मुलाला देऊ नका. घरात लहान भावंड असेल तर खेळून झाल्यावर तुकडे मोजून वर ठेवा.

हा खेळ ४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना जमेल असा बनवला आहे."

पहिला भाग ठळक आणि लाल चौकटीत, दुसरा साध्या अक्षरात.

---

शब्दफोड

छान झालंय. शेवटच्या वाक्याआधी एक ओळ मोकळी सोडा, म्हणजे ४ आणि ३ डोळ्यांना वेगळे दिसतील. तुकड्यांची नावं दिलीत ते फार चांगलं केलंत. "बारीक तुकडे" म्हटल्यावर माणूस सोडून देतो, "टोपी" म्हटल्यावर शोधतो.

---

मापटं

चिकटवताना दोन गोष्टी. मूळ इशारा, परवाना क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता झाकू नका. त्या ओळी मूळ भाषेत राहिल्या पाहिजेत. आणि पट्टी खोक्यावर लावून थांबू नका. खोकं घरी पोहोचल्यावर पहिल्या दिवशी फाटतं आणि तुकडे डब्यात किंवा टोपलीत जातात. पट्टी ज्या डब्यातून तुम्ही खेळणं देता त्याच्या झाकणावर आतून लावा, वरून पारदर्शक चिकटपट्टी. झाकण उघडलं की समोर दिसते.

---

सेविकाताई

वाचता न येणाऱ्या आजीसाठी काय? बऱ्याच घरी मूल तिच्याकडेच असतं.

---

शब्दफोड

चित्र लागेल. पण ते युरोपचं ०-३ वालं नको, त्याचा उलटा अर्थ लागतो हे वर आलंच आहे. रांगणारं बाळ आणि तोंडाकडे जाणारा नट, त्यावर ठळक फुली, असं काहीतरी.

---

रविवार_पेठ

फुलीबद्दल मला शंका आहे. औषधाच्या दुकानात हिरवी फुली चांगल्याची असते. रेघ असो वा फुली, आजीला "नाही" असंच वाटेल हे कशावरून?

---

सेविकाताई

चार-पाच आज्यांना दाखवून विचारते. दोन-तीन चित्रं काढून पाठवा. तोवर मी नळी घेऊन तोंडीच सांगते. नट नळीत पडताना बघितला की समजावून सांगावं लागत नाही.

---

ज्योत्स्ना_सॅनहोजे

वाढदिवसाला फुगेही लावणार आहोत. त्या पाकिटावर ८ वर्षं लिहिलंय. फुग्याला आठ? छपाईची चूक तर नाही ना?

---

कान_नाक_घसा

चूक नाही, काकू. फुगा फुटला की त्याचं रबर ओलं होऊन घशाला चिकटतं आणि घशाच्या आकाराचं होतं. खोकूनही सुटत नाही. न फुगवलेला फुगा मूल तोंडाने फुगवायला जातं आणि श्वास आत घेताना तो आत ओढला जातो. म्हणून त्यावर आठ वर्षं आणि "मोठ्यांच्या देखरेखीखाली" असं असतं. फुगे मोठ्यांनी फुगवा, उंच बांधा, फुटला की तुकडे लगेच उचलून कचऱ्यात टाका. न फुगवलेलं पाकीट कपाटात.

---

सुमेधा_खेळघर

"मोठ्यांच्या देखरेखीखाली" वाचून पालक स्वयंपाकघरातून लक्ष ठेवतात. फुग्याच्या पट्टीवर "मोठं माणूस शेजारी बसलेलं असेल तेव्हाच" असं लिहिते. पुढची पट्टी चुंबकाच्या फरश्यांच्या संचाची करायची आहे. खोक्यावर ३+ आहे पण एका फरशीची कड उकलली आहे आणि आतला चुंबक दिसतोय.

---

मापटं

ती फरशी आजच बाजूला काढा, पट्टी नंतर करू. दोन चुंबक वेगवेगळ्या वेळी गिळले गेले तर आतड्याच्या दोन वळणांतून एकमेकांना ओढतात आणि मधला भाग चिमटला जातो. ते घशापेक्षा वेगळं प्रकरण आहे. संचातल्या बाकी सगळ्या फरश्यांच्या चारही कडांवरून नख फिरवून बघा. कुठे फट लागली तर ती फरशीही बाद. खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो टाका, चुंबकाबद्दल वेगळा इशारा छापलाय का ते बघू.